जालना रोडवरचं पाणी आणि अगस्त्याची लुकलुक

मे महिन्यातली दुपार. छत्रपती संभाजीनगरातून जालन्याकडे जाणारा रस्ता चिकलठाण्याच्या पुढे मोकळा होतो आणि समोर दोनेकशे मीटरवर डांबरावर पाणी साचलेलं दिसतं. पाण्यात आकाशाची निळाई असते, समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांचं उलटं प्रतिबिंब असतं, कडेच्या बाभळीसुद्धा त्यात डोकं खाली करून उभ्या असतात. ट्रक त्या पाण्यातून सरळ येतो, पण टायरमागे एक थेंबही उडत नाही. गाडी पुढे गेली की पाणीही तेवढंच पुढे सरकतं. वेग वाढवा, कमी करा, अंतर जवळपास तेच राहतं.

मृगजळ पाहिलं नाही असा माणूस मराठवाड्यात सापडायचा नाही. ‘उष्णतेमुळे तसं दिसतं’ हे उत्तरही सगळ्यांना पाठ असतं. पण त्या उत्तराने खरे प्रश्न सुटत नाहीत. पाणी पन्नास मीटरवर का दिसत नाही? ते पाठशिवणीचा खेळ का खेळतं? आणि त्याच शहरातून फेब्रुवारीच्या रात्री दक्षिणेकडे पाहिलं, तर वरचा व्याध बऱ्यापैकी स्थिर आणि खालचा अगस्त्य अस्वस्थ का दिसतो? दुपारच्या आणि रात्रीच्या या दोन्ही प्रश्नांचं उत्तर हवेच्या एकाच गुणधर्मात आहे. तो गुणधर्म इतका किरकोळ आहे की, त्याचा आकडा पाहून यातून एवढं काही घडत असेल यावर विश्वास बसू नये.

सेकंदाला सत्तर किलोमीटरचा तोटा

प्रकाश निर्वात पोकळीत सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. हवेत शिरला की तो किंचित मंदावतो. किती मंदावतो हे सांगणाऱ्या आकड्याला अपवर्तनांक म्हणतात. पोकळीसाठी तो 1 धरतात. काचेसाठी तो दीडच्या आसपास असतो. हवेसाठी मात्र तो 1 च्या इतका जवळ असतो की, फरक चौथ्या दशांश स्थळावर सुरू होतो.

संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं उंच आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा कमी असतो. मे महिन्यात 40 अंश तापमानाला इथल्या हवेचा अपवर्तनांक 1.000233 इतका येतो. म्हणजे पोकळीच्या तुलनेत प्रकाश सेकंदाला सुमारे 70 किलोमीटर कमी धावतो. हवा तापली की पसरते, विरळ होते आणि प्रकाशाला कमी अडवते. 60 अंशांच्या हवेत हा तोटा 66 किलोमीटरवर येतो. तीन लाखांत चार किलोमीटरचा फरक. रस्त्यावरचं सगळं पाणी एवढ्यावर उभं आहे.

हवा सगळीकडे सारखीच तापलेली असती तर या फरकाने काहीच झालं नसतं. प्रकाश थोडा हळू गेला असता, पण सरळच गेला असता. किरण वळतो तो अपवर्तनांक एका जागेकडून दुसऱ्या जागेकडे बदलत जातो तेव्हा. या बदलत्या चढ-उताराला वैज्ञानिक ‘प्रवणता’ म्हणतात. दुपारी तापलेल्या डांबराला चिकटलेली हवा सर्वांत गरम असते आणि वर जाताना पहिल्या काही सेंटीमीटरांतच तापमान झपाट्याने उतरतं. त्यामुळे रस्त्यालगत प्रकाश थोडा वेगाने जातो आणि वीतभर वर थोडा हळू.

आता पावसाळ्यातल्या वाटेवरची बैलगाडी आठवावी. तिचं एक चाक कडक मुरमावर आहे आणि दुसरं काळ्या मातीच्या चिखलात शिरलं आहे. चिखलातलं चाक मागे पडतं, मुरमावरचं पुढे जातं आणि गाडी आपोआप चिखलाच्या बाजूला वळते. कोणी कासरा ओढलेला नसतो. प्रकाशाचा तरंगही असाच रुंद असतो. त्याची खालची कड गरम, विरळ हवेत पुढे पळते, वरची कड थंड, दाट हवेत मागे रेंगाळते आणि सगळा तरंग वर, दाट हवेकडे वळत जातो. आकाशातून तिरका उतरलेला किरण डांबराला टेकायच्या आधीच असा वळतो आणि पुन्हा वर येऊन डोळ्यात शिरतो. डोळ्याला त्याचं वळण कळत नाही. किरण शेवटी ज्या दिशेने आला त्याच दिशेला, म्हणजे रस्त्यावर, डोळा आकाश पाहतो. जमिनीवर दिसणाऱ्या आकाशाच्या तुकड्याचा अर्थ मेंदू ‘पाणी’ असा लावतो, आणि त्यात त्याची चूक नाही; एरवी असं दृश्य खरोखरच पाण्यामुळे दिसतं.

पूर्ण परावर्तन, पण आरसा कुठे?

शाळेत मृगजळाचं कारण ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ असं शिकवलं जातं. आकृतीत थरांच्या आडव्या रेघा असतात, किरण एका रेघेवर आपटून परत फिरतो. उत्तरपत्रिकेपुरतं हे ठीक आहे. पण रस्त्यावर अशी कुठलीच रेघ नसते. हवा गरमाकडून थंडाकडे सलग बदलत जाते आणि किरणही सलग वळतो. तळाशी वळताना तो दहा-वीस मीटर रस्त्याला जवळजवळ समांतर धावत असतो.

हा घोळ जुना आहे. 1798 मध्ये नेपोलियनचं सैन्य इजिप्तमध्ये उतरलं आणि अलेक्झांड्रियाहून कैरोकडे चालू लागलं. तहानलेल्या शिपायांना समोर सरोवर दिसे आणि दूरची गावं त्यातल्या बेटांसारखी. जवळ जावं तर कोरडी जमीन. मोहिमेबरोबर गेलेल्या गास्पार मोंज या गणितज्ञाने तिथेच याचं स्पष्टीकरण मांडलं. जमिनीलगतच्या विरळ हवेच्या थरावरून प्रकाश परततो, असं त्याचं म्हणणं होतं. किरणाचा मार्ग तुटक नसून वाकलेला असतो, हे पुढच्या दशकात झां-बाप्तिस्त बिओ याने सविस्तर दाखवलं. पाठ्यपुस्तकं अजून मोंजच्या बाजूने आहेत.

मजा अशी की, दोघांच्या पद्धतीने हिशेब केला तरी कोन तोच येतो. थर आडवे असतील तर किरणाचा उतार किती बदलेल हे फक्त दोन टोकांच्या अपवर्तनांकांवर ठरतं: जिथून तो उतरायला लागला तिथल्या आणि जिथे तो वळला तिथल्या. मधली हवा पाच सेंटीमीटरांत थंड झाली की पंधरा, याने कोन बदलत नाही. म्हणूनच एवढ्या गुंतागुंतीच्या दृश्याचा हिशेब चार ओळींत मावतो.

पाणी दोनशे पंचवीस मीटरवर का?

डोळ्याजवळची हवा 40 अंश आणि डांबराला लागलेली 60 अंश धरू. दोन अपवर्तनांकांतला फरक 14 दशलक्षांश येतो. या फरकाची दुप्पट करून वर्गमूळ काढलं की किरणाचा जास्तीत जास्त उतार मिळतो: 0.0053. म्हणजे किरणाचा उतार मीटरमागे पाच मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त असेल, तोवर हवा त्याला परत फिरवू शकते. त्याहून तीव्र उतरणारा किरण वळायच्या आत डांबरावर आदळतो आणि तिथे आपल्याला साधं डांबरच दिसतं.

कोनात सांगायचं तर हे जेमतेम 0.3 अंश होतात. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी अर्धा अंश असते. त्याच्या अर्ध्याहून थोडं जास्त. मृगजळ क्षितिजाच्या खाली एवढ्याच अरुंद पट्टीत राहतं. कारमध्ये बसलेल्या माणसाचा डोळा रस्त्यापासून सुमारे 1.2 मीटर वर असतो. दर मीटरला 5.3 मिलिमीटर या उताराने 1.2 मीटर उतरायला सुमारे 225 मीटर लागतात. त्याच्या अलीकडे डांबर, पलीकडे पाणी.

पाणी पुढे का पळतं तेही यातच आलं. मृगजळाची कड ही रस्त्यावरची जागा नाही, तो डोळ्यातून निघणारा एक कोन आहे. डोळा पुढे गेला की कोन त्याच्याबरोबर जातो.

> चौकट : त्याच रस्त्यावर, त्याच क्षणी
> हवा 40 अंश, रस्त्यालगत 60 अंश असताना मृगजळाची अलीकडची कड प्रत्येकाला वेगळ्या अंतरावर दिसते.
> रस्त्याकडेला उकिडवं बसलेल्याला (डोळा 0.6 मीटरवर): सुमारे 115 मीटर
> कारचालकाला (1.2 मीटर): सुमारे 225 मीटर
> दुचाकीस्वाराला (1.5 मीटर): सुमारे 280 मीटर
> ट्रकचालकाला (2.3 मीटर): सुमारे 430 मीटर

चौकटीतला पहिला आकडा कोणालाही तपासता येतो. रहदारीपासून दूर, कडेला उभं राहून पाणी कुठे सुरू होतं ते खुणेच्या झाडावरून हेरावं आणि मग खाली बसावं. पाणी लगेच निम्म्याहूनही कमी अंतरावर येतं. पुलावरून किंवा गच्चीवरून खाली पाहणाऱ्याला मृगजळ सहसा सापडत नाही, कारण त्याची नजर 0.3 अंशांपेक्षा कितीतरी तीव्र उतरते.

हाच हिशेब उलटा फिरवला तर मृगजळ म्हणजे फुकटचा तापमापक होतो. समृद्धी महामार्ग सावंगीजवळून जातो. त्याचा काँक्रीटचा पृष्ठभाग फिका असल्याने डांबरापेक्षा कमी तापतो. तिथे रस्त्यालगतची हवा डोळ्याजवळच्या हवेपेक्षा 12 अंशांनीच गरम असेल, तर कारमधल्या माणसाला पाणी 290 मीटरच्या सुमाराला सुरू झालेलं दिसेल. फरक 5 अंशांवर आला तर ते 440 मीटरवर जाईल. मृगजळाला उन्हाळा लागतो हा समज त्यामुळे अर्धाच खरा. रस्ता आणि हवा यांच्यात फरक असला की पुरे. डिसेंबरच्या दुपारीही तो असतो. पण तेव्हा पाणी इतकं दूर जातं की ते दिसायला अर्धा किलोमीटर सपाट, सरळ रस्ता लागतो. असे लांब सरळ पट्टे 701 किलोमीटरच्या समृद्धीवर जागोजाग आहेत, जुन्या वळणावळणाच्या रस्त्यांवर ते फारसे नव्हते.

फरकासाठी ऊनही लागतं असं नाही. पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यात पहाटे पक्षी पाहायला गेलेल्यांना कधी कधी समोरचा किनारा पाण्यापासून सुटून अधांतरी लोंबकळलेला दिसू शकतो. रात्रभरात हवा गार होते, पण एवढा मोठा जलाशय इतक्या लवकर निवत नाही. पाण्यालगतची हवा कोमट आणि वरची थंड, म्हणजे रचना डांबरावरचीच. किनाऱ्याखाली दिसणारी उजळ पट्टी म्हणजे वळून आलेलं आकाश.

थर उलटे झाले की

रस्त्यावरची रचना मुळात अस्थिर आहे. गरम, हलकी हवा खाली आणि थंड, जड हवा वर, ही मांडणी टिकणारी नव्हे. खालची हवा सतत उसळून वर जाते, पण तापलेलं डांबर तिच्या जागी तितक्याच वेगाने नवी हवा तापवतं, म्हणून थर कायम असल्यासारखा भासतो. मृगजळ थरथरतं ते या उसळण्यामुळे. ही थरथर लक्षात ठेवावी, कारण पुढे ताऱ्यांकडे जाताना तीच कामाला येते.

सगळ्या वातावरणाचा विचार केला तर मांडणी याच्या उलट असते: खाली दाट हवा, वर विरळ. चिखलाची बाजू आता खालची. त्यामुळे ताऱ्यांचे आणि सूर्याचे किरण जमिनीकडे वळतात, आणि वस्तू आहे त्यापेक्षा थोडी वर दिसते. क्षितिजावर हे उचलणं 34 कलांचं असतं. एका अंशात 60 कला असतात आणि सूर्याची रुंदी सुमारे 32 कला आहे. म्हणजे सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते, तेव्हा प्रत्यक्षात सगळा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून मावळता सूर्य चपटा दिसतो.

हे सगळं शिस्तीतलं वळण झालं. थर आडवे, बदल संथ, परिणाम ठरलेला. पंचांगकर्ते तो आधीच हिशेबात धरतात. लुकलुक होते ती ही शिस्त मोडल्यावर.

एक विकला, दहा किलोमीटर

हवेत थर जसे असतात तसे गोळेही असतात: थोडी गरम, थोडी गार हवा एकमेकींत घुसळली जाऊन तयार झालेले, काही सेंटीमीटरपासून कित्येक मीटरपर्यंतचे. त्यांच्या तापमानांतला फरक एका अंशाच्याही दशांशाएवढा असतो, त्यामुळे किरणाला मिळणारं वळणही नगण्य असतं. ते एक-दोन विकला असतं. एका कलेत 60 विकला. उघड्या डोळ्याला सुमारे एका कलेपेक्षा लहान कोन ओळखता येत नाही. म्हणजे लुकलुकताना तारा जागेवरून हलतो आणि आपल्याला ते दिसतं, हा समज चुकीचा आहे. तो हलतो खरा, पण आपल्या नजरेच्या क्षमतेच्या पन्नासाव्या भागाइतका.

मग दिसतं काय? तेजस्वीपणा बदलताना दिसतो. आणि तो का बदलतो याचं उत्तर अंतरात आहे. समजा, जमिनीपासून 10 किलोमीटर उंचीवरच्या हवेने एका किरणाला एक विकला वळवलं. जमिनीवर पोहोचेपर्यंत तो किरण सुमारे 5 सेंटीमीटर बाजूला सरकलेला असेल. शेजारच्या गोळ्यातून आलेला किरण दुसरीकडे सरकेल. त्यामुळे ताऱ्याचा प्रकाश जमिनीवर एकसारखा पडत नाही. कुठे किरणांची दाटी होते, कुठे ते विरळ होतात. प्रकाशाच्या तरंगलांबीचा हिशेब धरला तर 10 किलोमीटरवरून तयार होणाऱ्या या उजळ-अंधुक पट्ट्यांची रुंदी सात सेंटीमीटरच्या आसपास येते. तितक्या उंचीवरचा वारा सेकंदाला 20 मीटर या वेगाने गोळे वाहून नेत असेल, तर पट्टेही त्याच वेगाने जमिनीवरून धावतात आणि एकेक पट्टा सेकंदाच्या सुमारे तीनशेव्या भागात निघून जातो. इतका जलद बदल डोळ्याला टिपता येत नाही. त्यातला जो भाग सेकंदाला काही वेळा, अशा मंद गतीने होतो, तेवढाच आपल्याला लुकलुक म्हणून जाणवतो.

डोळ्याची बाहुली रात्री सहा-सात मिलिमीटर उघडते. ती पट्ट्यापेक्षा फारच लहान, त्यामुळे एका वेळी पूर्ण उजळ किंवा पूर्ण अंधुक पट्टाच तिच्यावर येतो. आपला डोळा याच्या दसपट मोठा असता तर तारे बरेच शांत दिसले असते.

जमिनीजवळची हवा दिवसा इतकी खवळलेली दिसते, तर लुकलुकही तिनेच होत असेल असं वाटणं साहजिक आहे. पण 100 मीटरवरून एक विकला वळलेला किरण जमिनीवर फक्त अर्धा मिलिमीटर सरकतो. दाटी व्हायला तेवढं अंतरच मिळत नाही. उघड्या डोळ्यांना दिसणारी लुकलुक मुख्यतः कित्येक किलोमीटर वर घडते.

व्याध आणि अगस्त्य

याची उत्तम परीक्षा संभाजीनगरच्या आकाशात दर हिवाळ्यात होते. आकाशातले सर्वांत तेजस्वी दोन तारे, व्याध आणि अगस्त्य, जवळपास एकाच वेळी दक्षिणेला सर्वोच्च जागी येतात. फेब्रुवारीच्या मध्यात ही वेळ रात्री नऊच्या सुमाराची असते. म्हैसमाळसारखं उघडं दक्षिण क्षितिज असेल तर दोघे एका नजरेत मावतात.

हे शहर सुमारे 19.9 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे व्याध इथे 53 अंशांपर्यंत चढतो, पण अगस्त्य फार दक्षिणेचा तारा असल्याने 17 अंशांच्या किंचित वर येऊन थांबतो. आयुष्यभर पाहिलं तरी इथून तो याहून उंच दिसणार नाही. दोन्ही ताऱ्यांची आपल्याला दिसणारी रुंदीही जवळजवळ सारखी, एका विकलेच्या दीडशेव्या भागाच्या आसपास. दोघांचा रंग पांढरट. फरक आहे तो मधल्या हवेचा.

व्याधाचा प्रकाश डोक्यावरच्या हवेच्या सव्वापट हवेतून येतो, अगस्त्याचा सव्वातीनपटीहून अधिक हवेतून. पण हवा जास्त, एवढंच कारण नाही. 10 किलोमीटर उंचीवरचा तोच थर व्याधाच्या दिशेने साडेबारा किलोमीटर दूर आहे, अगस्त्याच्या दिशेने तेहतीस. एक विकलेचं वळण तिथून जमिनीपर्यंत येताना 5 नव्हे, 16 सेंटीमीटर होतं. किरणांना गर्दी करायला आणि पांगायला जास्त वाव मिळतो. लुकलुक म्हणूनच हवेच्या जाडीपेक्षाही वेगाने वाढते.

त्या रात्री शिस्तीतलं वळणही चालूच असतं. ते अगस्त्याला सुमारे 3 कला, म्हणजे 180 विकला, वर उचलून धरतं. त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. एक-दोन विकलांच्या बेशिस्त वळणाकडे मात्र जातं, कारण ते बदलत राहतं.

जानेवारीच्या संध्याकाळी व्याध पूर्वेला नुकताच उगवलेला असताना तर तो तांबडा, हिरवा, निळा असे रंग फेकतो. अनोळखी माणसाला तो ड्रोन वाटावा. हवेचा अपवर्तनांक निळ्या प्रकाशासाठी तांबड्यापेक्षा थोडासा जास्त असतो. क्षितिजाजवळच्या लांब वाटेवर दोन्ही रंगांचे मार्ग वर हवेत एका पट्ट्याच्या रुंदीहूनही जास्त वेगळे होतात. तांबड्याला एक गोळा भेटतो, निळ्याला दुसरा. एकाची दाटी होते त्या क्षणी दुसरा विरळ असू शकतो, आणि तारा क्षणभर त्या एका रंगाचा दिसतो.

ग्रह लुकलुकत नाहीत, बहुतेक वेळा

गुरूची चकती साधारण 40 विकला रुंद दिसते. 10 किलोमीटर उंचीवर एवढा कोन दोन मीटर जागा व्यापतो. चकतीच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश वेगळ्या गोळ्यांतून येतो आणि जमिनीवर आपापले पट्टे टाकतो. सात सेंटीमीटरचे असे असंख्य पट्टे एकमेकांवर पडले की उजळ-अंधुक एकमेकांना भरून काढतात. व्याधाची चकती त्याच उंचीवर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जागा व्यापते. तिथे भरून काढायला दुसरं कोणी नसतं.

हा नियम लोक जरा जास्तच ठामपणे सांगतात. मंगळ पृथ्वीपासून दूर असतो तेव्हा त्याची चकती 4 विकलांपर्यंत आक्रसते. 10 किलोमीटरवर हे होतात 20 सेंटीमीटर, म्हणजे तीनच पट्टे. असा मंगळ क्षितिजाजवळ असला की चक्क लुकलुकतो. बुधही लहान, आणि दिसतो तेव्हा नेहमीच खाली, त्यामुळे तोही फसवतो. ग्रह की तारा हे ठरवायचं असेल तर वस्तू निदान तीस-चाळीस अंश वर येऊ द्यावी.

मोठा आरसा, वेगळी अडचण

पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेची जुन्नरजवळ गिरवलीला वेधशाळा आहे. 2006 पासून तिथे 2 मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे. एवढ्या आरशावर एका वेळी कितीतरी पट्टे पडतात, त्यामुळे ताऱ्याचं तेज बरंच स्थिर राहतं. लुकलुकीचा त्रास कमी होतो, पण त्याऐवजी चित्र फिसकटतं. प्रत्येक पट्ट्याबरोबर प्रकाश किंचित वेगळ्या दिशेने येतो आणि काही सेकंदांच्या छायाचित्रात ते सगळे ठिपके मिळून एक डाग होतो. 2 मीटरच्या आरशाला हवेने अडवलं नसतं तर 0.07 विकलेइतका बारीक तपशील दिसला असता. जमिनीवरच्या साध्या रात्री डाग एक-दोन विकलांचा होतो. महागड्या काचेची क्षमता पंधरा ते तीसपटीने वाया जाते.

इथे मात्र जमिनीजवळची हवा निर्दोष नसते. चित्र फिसकटायला किरण जमिनीवर किती सरकला याला महत्त्व नसतं, किती वळला याला असतं, आणि तो शेवटच्या दहा मीटरांतही वळू शकतो. दुर्बिणीच्या घुमटात दिवसभराची ऊब अडकली, किंवा आरसाच बाहेरच्या हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी गरम राहिला, तर त्याच्यावर गरम हवेचा उसळणारा थर तयार होतो. म्हणून वेधशाळांमध्ये घुमट अंधार पडण्याआधीच उघडून ठेवतात, आरसा आणि हवा समतापमानाला येऊ देतात.

शहरातल्या हौशी आकाशनिरीक्षकालाही हेच पथ्य पाळावं लागतं. सहा-आठ इंची दुर्बीण घरातून काढून लगेच गुरूकडे रोखली तर त्याचे पट्टे उकळल्यासारखे दिसतात आणि दोष भिंगाला दिला जातो. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवावी. संभाजीनगरात एप्रिल-मे महिन्यांत सिमेंटची गच्ची रात्री दहा-अकरापर्यंत ऊब सोडत असते. तिच्यापेक्षा गवताची मोकळी जागा बरी. शेजारच्या पत्र्याच्या छपरावरून किंवा एसीच्या बाहेरच्या यंत्रावरून जाणारी दिशा टाळावी आणि ग्रह पुरेसा वर येईपर्यंत थांबावं.